नळ्या बांधण्याआधी

"पोट उघडणारच आहात, तर नळ्याही बांधून टाका," आरे-वारेहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या. सून पंचविशीची, दुसरं सिझेरियन महिन्यावर आलेलं. मी तिला एकटीला विचारलं, "एखादं मूल दगावलं तर?" ती गप्प झाली. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत तिशीपर्यंत ऑपरेशन केलेल्या १०० पैकी सुमारे २० जणींना १४ वर्षांत पश्चात्ताप झाला. तिशीनंतरच्या सुमारे ६ जणींना. नळ्या पुन्हा जोडता येतात. पण दिवस राहतीलच असं नाही, आणि गर्भ नळीतच राहिला तर जिवावर बेततं. सिझेरियनमध्येच बसवलेली तांबी १० वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. तिनं तांबी निवडली. संमतीची सही मी कळा सुरू होण्याआधीच घेतली, तिचीच.