ई-मेल यादी कशाने वाढते?

गैरसमज: होमपेजवर पॉप-अप लावला की नावं भराभर जमतात.

गुगलवरून येणारा माणूस बहुतेक वेळा थेट आतल्या एखाद्या लेखावर उतरतो, होमपेज त्याला दिसतही नाही. त्यात मोबाइलवर आल्याआल्या पडदा झाकणारा पॉप-अप असेल, तर ते पान शोधात मागे पडू शकतं. गुगलने हा निकष जानेवारी २०१७ पासून लावला आहे.

गच्चीवरच्या बागेचं सामान विकणारी एक रोपवाटिका समजा. तिच्या वेबसाइटवर टोमॅटोवरच्या पांढऱ्या माशीबद्दल लेख आहे. निंबोळी तेलाच्या फवारणीचा परिच्छेद संपला की वाचकाला लगेच प्रश्न पडतो, ‘पुढची फवारणी कधी?’ फॉर्मची जागा नेमकी तिथे. ‘महिन्याभराचं फवारणी वेळापत्रक, एका पानात, ई-मेलवर मिळवा’ एवढी ओळ आणि पत्त्याचा एकच रकाना पुरतो. फोन नंबर मागितला की बरेच जण तिथूनच मागे फिरतात. पानाच्या तळाशीही फॉर्म असू द्या, पण तो मुद्दाम शोधणाऱ्यांसाठी.

गैरसमज: भेट जितकी मोठी, तितके वाचक जास्त.

नावं जास्त येतील, पण मोबाइलच्या सोडतीसाठी गच्ची नसलेलेही नाव देतात. ऐंशी पानांचं ई-पुस्तक उतरवून घेतलं जातं आणि तसंच पडून राहतं. वेळापत्रक मात्र आजच कुंडीशेजारी लागतं, आणि ते मागणारा उद्या निंबोळी तेलही घेईल.

गैरसमज: फाइल घेतली म्हणजे तो वर्गणीदार झाला.

त्याने फाइल मागितली आहे, दर आठवड्याचं पत्र नाही. त्यासाठी वेगळी, आधीपासून टिक न केलेली चौकट ठेवा. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यालाही संमती नेमक्या कारणापुरतीच अपेक्षित आहे. फाइल पडद्यावर न देता तिची लिंक ई-मेलने पाठवा, म्हणजे चुकीचे आणि खोटे पत्ते तिथेच उघडे पडतात. न मागता पत्रं गेली की लोक ‘स्पॅम’ दाबतात. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून तक्रारींची मर्यादा ०.३ टक्के ठेवली आहे, म्हणजे हजार पत्रांमागे तीन. ती ओलांडली की मनापासून वाचणाऱ्यांची पत्रंही स्पॅममध्ये जाऊ लागतात.

यादी खरी आहे का, हे पाहायला प्रत्येक फॉर्मला वेगळा टॅग लावा. पत्र किती जणांनी उघडलं, या आकड्यावर विसंबू नका. अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप २०२१पासून पत्रातली चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवू शकतं, त्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. चौथ्या पत्रातल्या लिंकवर किती जणांनी क्लिक केलं, ते मोजा. समजा, पॉप-अपमधून आलेल्या ५०० जणांपैकी १० जणांनी केलं आणि पांढऱ्या माशीच्या लेखातून आलेल्या ६० पैकी १८ जणांनी. मग पॉप-अप काढा आणि पुढचा फॉर्म मिरचीवरच्या चुरडा-मुरड्याच्या लेखात, उपायाच्या परिच्छेदाखाली लावा.