सहीखालच्या चार ओळी

भोसरीतला कोरुगेटेड खोक्यांचा एक कारखाना नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला पहिल्यांदाच ईमेल पाठवतो आहे, असं समजा. मजकूर नेमका आहे: पाच किलो द्राक्षांसाठीचं खोकं, नमुना मोफत, कुठे पाठवू? त्याखाली विक्री प्रतिनिधीची सही मात्र चौदा ओळींची. मोठा लोगो, दोन मोबाइल नंबर, फॅक्स, सोशल मीडियाची पाच चिन्हं, एक सुविचार, छापण्यापूर्वी झाडं आठवण्याची विनंती आणि गोपनीयतेची लांबलचक इंग्रजी सूचना.

निर्यातदाराकडचा खरेदी अधिकारी या माणसाला ओळखत नाही. कंपनी खरी आहे का, हे तो सहीत शोधतो, आणि तिथेच अडतो. आउटलुक अनेकदा अनोळखी ईमेलमधली चित्रं आपणहून उघडत नाही, त्यामुळे लोगोच्या जागी रिकामी चौकट दिसते. काही जण तर अख्खी सहीच चित्र म्हणून चिकटवतात. मग चित्र उघडलं तरी त्यातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही. शिवाय काही मेलबॉक्समध्ये हा लोगो प्रत्येक उत्तरासोबत जोडलेली फाइल म्हणून दिसतो, आणि खरं कोटेशन त्या गर्दीत हरवतं.

ठेवायचं ते थोडंच. नाव आणि हुद्दा, कंपनी आणि गाव, +91 लावून अक्षरांत टाइप केलेला एकच नंबर, आणि वेबसाइट. ईमेलचा पत्ता त्याच वेबसाइटच्या डोमेनवरचा हवा. कंपनीची वेबसाइट एक आणि पत्ता gmail.com चा, असं दिसलं की सावध माणूस थबकतो. लहान केलेल्या लिंकचंही तेच, कारण ती कुठे नेईल ते कळत नाही.

गोपनीयतेची सूचना तर काढूनच टाकावी. न मागता पाठवलेल्या विक्रीपत्रात गोपनीय काय असणार?

एक ओळ मात्र रुक्ष वाटली तरी राहू द्यावी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 नुसार नोंदणीकृत कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, फोन, ईमेल आणि सीआयएन लागतो. वेबसाइट असल्यास तीही. कंपनीने ईमेललाही पत्रच मानलेलं बरं. हा 21 अक्षरी क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, म्हणजे शंका घेणाऱ्याला पडताळणीचा मार्ग हातात मिळतो. भागीदारी फर्मला सीआयएन नसतो. तिने जीएसटी क्रमांक दिला तरी चालेल.

उत्तर हवं असेल, तर सहीने मजकुराशी स्पर्धा करू नये. वर नमुन्याचा पत्ता विचारला आणि खाली कॅटलॉग, व्हॉट्सअॅप, भेटीची वेळ अशा तीन लिंक दिल्या, तर वाचणारा त्यातलीच एखादी उघडून बसतो आणि पत्ता कळवायचं राहून जातं. पहिल्या ईमेलनंतर सही आणखी आखडता येते. जीमेलच्या सेटिंगमध्ये नव्या ईमेलसाठी एक आणि उत्तरांसाठी दुसरी सही निवडण्याची सोय आहे. दुसरीत नाव आणि नंबर पुरेसे होतात.