अठरा हजार नऊशेचा टिंब

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या मुलीच्या हातात वडिलांचा फोन होता. घाऊक व्यापाऱ्याने हाताने लिहिलेल्या बिलाचा फोटो पाठवला होता. कर वगळून एकूण २८,७४५ रुपये. "एवढं कसं झालं गं?" वडील म्हणाले.

तिने फक्त बेरीज तपासली नाही, प्रत्येक ओळीचा गुणाकार पुन्हा केला. तूरडाळ ५० किलो, दर ११२.५०, म्हणजे ५,६२५. साखर ५० किलो, दर ४२.४०, म्हणजे २,१२०. जिरे ७.५ किलो, दर २८०. इथे यायला हवे होते २,१००, पण बिलात होते २१०००.

"बाबा, फोटोत टिंब पुसट झाला असेल का? २१००.० लिहिलं असेल." शंका रास्त होती. उत्तर बेरजेत सापडले: २८,७४५ ही रक्कम २१,००० धरल्याशिवाय येतच नाही. म्हणजे चूक कॅमेऱ्याची नव्हती. खरी बेरीज ९,८४५.

फरक १८,९००. त्याला नऊने भागले की २,१०० येतात, नेमकी जिऱ्याची खरी रक्कम. टिंब एक घर उजवीकडे सरकला की रक्कम दहापट होते, म्हणून फरक खऱ्या रकमेच्या नऊपट निघतो. जुने मुनीम ही खूण वापरत.

मात्र वजनच ७५ लिहिले असते, तर गुणाकार बिनचूक जुळला असता. म्हणून तिने जिऱ्याचे पोते काट्यावर ठेवले. साडेसात किलो भरले. वडिलांनी बिलावर खाडाखोड केली नाही. व्यापाऱ्याला फोन लावून १८,९०० रुपयांची क्रेडिट नोट मागितली.