गोष्ट सांगणे आणि उत्तर लिहिणे : खैरलांजीच्या एका प्रश्नावरून

मंडळी, मागच्या वेळी आपण अनुमानाचे पाच अवयव पाहिले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. तेव्हा भंडाऱ्याच्या काही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी विचारलं की याचा परीक्षेत उपयोग काय? त्यांच्यासाठी आज एकच उत्तर घेऊन बसू. आधी कच्चं, मग दुरुस्त केलेलं.

प्रश्न असा धरू : ‘अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ यातील कलम ३(२)(५) खैरलांजी प्रकरणाला लागू होते काय? चर्चा करा.’ प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं. त्यामुळे इथला विद्यार्थी ते हमखास लिहितो आणि हमखास वाहवतो. त्याचं उत्तर साधारण असं असतं :

‘२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची जमावाने निर्घृण हत्या केली. कुटुंबप्रमुख तेवढे वाचले. या घटनेने महाराष्ट्र हादरला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. मात्र अत्याचार कायदा लावला नाही. जातीयता हा समाजाला लागलेला कलंक आहे. म्हणून कलम लागू होते.’

यात एकही तपशील चुकीचा नाही. तरी परीक्षक पंधरापैकी पाच-सहा गुणांवर थांबतो, आणि मुलं म्हणतात, ‘सर, सगळं तर लिहिलं होतं!’ सगळं लिहिलं, पण ‘म्हणून’ हा शब्द फुकटचा आला. त्याच्या आधीच्या कुठल्याही वाक्यातून तो निघत नाही. प्रतिज्ञा आहे, निगमन आहे, मधला उपनय गायब आहे. उपनय म्हणजे नियम आपल्या समोरच्या वस्तूवर आणून टेकवणे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ एवढ्याने भागत नाही. ‘आणि या डोंगरावर तसाच धूर आहे’ हे म्हणावं लागतं.

म्हणून पहिलं काम कलमाचे शब्द सुटे करणं. घटनेच्या वेळी कलमात चार गोष्टी लागत होत्या. भारतीय दंड संहितेखालचा, दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा. बळी अनुसूचित जाती-जमातीचा. आरोपी त्या जाती-जमातींचा नसणे. आणि चौथी, गुन्हा बळी त्या जातीचा आहे ‘या कारणावरून’ केलेला असणे.

पहिल्या तीन गोष्टी दोन-तीन ओळींत उरकाव्यात. खून आहे, म्हणजे पहिली अट पुरी. कुटुंब बौद्ध होतं. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून दुसरी पुरी. हे एक वाक्य कच्च्या उत्तरात कधीच नसतं. तिसरीवर खरा वाद नव्हता. विद्यार्थी मात्र इथेच पानभर लिहितो, कारण इथे माहिती भरपूर आहे.

भांडण सगळं चौथ्या शब्दांचं आहे. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय या दोघांनी हल्ल्यामागे सूड पाहिला. शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली होती, त्यात मायलेकी साक्षीदार होत्या, आणि त्या प्रकरणातल्या आरोपींना जामीन मिळाला त्याच दिवशी हत्या झाल्या. न्यायालयांच्या मते हे सुडाचं कारण होतं, जातीचं नव्हे. आता इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारील की एका कृत्याला एकच कारण असतं असं कोणी सांगितलं? पण परीक्षेत हा प्रश्न आपल्या नावावर चालत नाही. त्याला आधार लागतो, आपल्या भाषेत शब्दप्रमाण.

आधार दोन्ही बाजूंना आहेत. रामदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बळी अनुसूचित जातीची आहे एवढ्यावरून हे कलम लागत नाही. उलट पाटन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य, २०२१, यात न्यायालयाने म्हटलं की जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही. अनेक कारणांपैकी ते एक असलं तरी चालेल. पण त्याच निकालात, पुरावा नाही म्हणून, या कलमाखालची शिक्षा रद्दही झाली. मुलं पहिला अर्धा निकाल लिहितात आणि दुसरा गिळतात. परीक्षकाला तो ठाऊक असतो, हे विसरू नये.

आणखी एक खड्डा आहे. २६ जानेवारी २०१६ पासून कलमातले शब्द बदलले. ‘या कारणावरून’ गेलं, बळी त्या जातीचा आहे हे ‘माहीत असून’ आलं. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? म्हणून विद्यार्थी नवा शब्द २००६ ला लावून मोकळा होतो. पण संविधानाचं अनुच्छेद २०(१) आडवं येतं : कृत्य घडलं तेव्हा जो कायदा होता त्यानेच शिक्षा. मग २०२१ चा निकाल कसा चालतो? कारण तो जुन्या शब्दांचाच अर्थ सांगतो, नवा गुन्हा तयार करत नाही. हा फरक उत्तरात एका वाक्यात आला पाहिजे.

आता दुरुस्त उत्तराचा गाभा, आम्ही फळ्यावर लिहितो तसा :

‘कलमाच्या पहिल्या तीन अटी पुऱ्या होतात. वाद “या कारणावरून” या शब्दांचा आहे. २०१६ ची दुरुस्ती अनुच्छेद २०(१) मुळे येथे लागू नाही. रामदास निकालानुसार केवळ बळीची जात पुरेशी नाही; म्हणून जात आणि कृत्य यांना जोडणारा पुरावा पाहावा लागेल. उच्च न्यायालयाने साक्षीचा सूड हे कारण मानले, व जामिनाचा दिवस त्यास पुष्टी देतो. परंतु पाटन जमाल वलीनुसार सूड सिद्ध झाल्याने जात आपोआप वगळली जात नाही. मायलेकी साक्षीदार होत्या. मुलगेही मारले गेले, म्हणजे केवळ साक्षीचा सूड हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. तरीही घरातल्या इतरांवर सूड उगवला जातो, हा प्रतिवाद शिल्लक राहतो. तेव्हा न्यायालयाने “सूड की जात” असे विचारण्याऐवजी “सुडासोबत जातही होती काय” असे विचारणे योग्य ठरले असते. मात्र त्याचे होकारार्थी उत्तर देण्यास स्वतंत्र पुरावा लागतो.’

बघा, तारखा कमी झाल्या. फाशी-जन्मठेपेचा हिशेब गेला, कारण तो कलमाच्या कुठल्याच शब्दाला चिकटत नाही. ‘महाराष्ट्र हादरला’ हेही गेलं. ते खरं आहे, आणि इथल्या माणसाला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही हेही आम्हाला कळतं. पण ‘जामिनाचा दिवस’ राहिला, कारण तो युक्तिवादात काम करतो. मुलग्यांचा उल्लेखही राहिला. कच्च्या उत्तरात ते फक्त बळींच्या यादीत होते, इथे ते पुरावा म्हणून बोलतात.

कोणी विचारील की निष्कर्ष इतका अर्धवट का? कारण पुरावा जिथे थांबतो तिथे निगमनाने थांबावं. ज्याला ठाम ‘होय’ लिहायचं आहे त्याने लिहावं, गुण जाणार नाहीत, पण मग पुराव्याचा दुवा दाखवावा लागेल.

घरी एक कसोटी करा. आपल्या उत्तरातलं निकालाचं नाव पेन्सिलीने खोडा. पुढचं वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं, तर तो निकाल तिथे नुसता दागिना होता. वरच्या उतारातून ‘पाटन जमाल वलीनुसार’ काढा, पुढचं वाक्य तुमचं खासगी मत होऊन बसतं. मग प्रत्येक घटनेसमोर कलमातला शब्द लिहा. ज्या घटनेसमोर काहीच लिहिता येत नाही, ती खोडा.

पुढच्या वेळी हाच प्रश्न उलटा घेऊ : आरोपीच्या बाजूने उत्तर लिहायचं. रामदासचा निकाल मूळ वाचून या, सारांश नको.