एकमेकांवर अवलंबून असलेले दोन विभाग

समजा, एका कारखान्यात वीजघर आणि दुरुस्ती असे दोन सेवा विभाग आहेत. वीजघराचा महिन्याचा खर्च ९२,००० रुपये, दुरुस्तीचा ६०,०००. हा खर्च शेवटी ओतकाम आणि जोडणी या उत्पादन विभागांवर टाकायचा आहे. अडचण अशी की वीजघराची २० टक्के वीज दुरुस्तीला लागते आणि दुरुस्तीचे १० टक्के काम वीजघरात होते. एकाचा पूर्ण खर्च कळल्याशिवाय दुसऱ्याचा कळत नाही.

अशा वेळी दोन्ही पूर्ण खर्च अज्ञात धरावेत. वीजघराचा क, दुरुस्तीचा ख:

क = ९२,००० + ०.१ख
ख = ६०,००० + ०.२क

दुसऱ्यातला ख पहिल्यात घातला की ०.९८क = ९८,००० उरते. म्हणून क १,००,००० आणि ख ८०,०००.

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण बेरीज १,८०,००० येते आणि मूळ खर्च तर १,५२,०००! वाढलेले २८,००० म्हणजे दोघांनी एकमेकांना दिलेल्या सेवा, दोनदा मोजलेल्या. उत्पादन विभागांकडे त्या दुसऱ्यांदा जात नाहीत. ओतकाम ५० टक्के वीज आणि ४० टक्के दुरुस्ती वापरते, म्हणून त्याच्यावर ५०,००० + ३२,०००, म्हणजे ८२,०००. जोडणीवर ३० आणि ५० टक्क्यांप्रमाणे ७०,०००. बेरीज बरोबर १,५२,०००. ती जुळली नाही, तर टक्केवारी किंवा समीकरण चुकले आहे.

आपसातली देवाणघेवाण सोडून दिली असती, तर ओतकामावर सुमारे ८४,१६७ रुपये पडले असते.