बीसीजी घेतलेल्या मुलाची मान्टू चाचणी पॉझिटिव्ह येते तेव्हा

मान्टू चाचणीत कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला कातडीच्या वरच्या थरात ०.१ मिली ट्युबरक्युलिन टोचतात. हा क्षयाच्या जंतूंपासून काढलेल्या प्रथिनांचा अर्क असतो. त्यात जिवंत जंतू नसल्याने चाचणीमुळे क्षय होत नाही. शरीराची या प्रथिनांशी आधी ओळख झालेली असेल, तर पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि दोन-तीन दिवसांत जागा घट्ट होऊन फुगते. बीसीजी लशीतले जंतू गाईगुरांना क्षय करणाऱ्या जंतूंपासून तयार केलेले आहेत आणि यांतली बरीच प्रथिने त्यांच्यातही असतात. त्यामुळे ही ओळख लशीने झाली की खऱ्या संसर्गाने, हे नुसती चाचणी सांगू शकत नाही.

म्हणूनच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की “लस दिलीय ना, मग येणारच” असे घरात सहज म्हटले जाते. जन्मतः बीसीजी मिळालेल्या मुलाच्या बाबतीत हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. तान्हेपणी दिलेल्या लशीचा चाचणीवरचा परिणाम काही वर्षांत ओसरतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या आत लस मिळालेल्यांपैकी, लशीमुळे १० मिमी किंवा त्याहून मोठी सूज आलेले त्यात शंभरात सहा-सातच निघाले आणि दहा वर्षांनंतर हे प्रमाण शंभरात एकावर आले. लस मोठ्या वयात दिली असेल, तर परिणाम जास्त जणांत दिसतो आणि जास्त काळ टिकतो. भारतात मात्र ती जन्मल्याबरोबर देतात.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो कसा मोजला, हे पाहायला हवे. सूज ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान तपासायची असते. लालसरपणा मोजायचा नाही. बोटाला लागणारा घट्टपणा तेवढा मोजायचा, तोही हाताच्या आडव्या दिशेने. बॉलपेनाची रेघ बाहेरून सुजेकडे हलकेच ओढत नेली की कडेशी पेन अडते. दोन्ही बाजूंनी अशा रेघा ओढून मधले अंतर पट्टीने मोजतात. लाली २० मिमी पसरलेली असताना घट्ट भाग ६ मिमीच असणे अगदी शक्य आहे. भारतात साधारणपणे १० मिमी किंवा त्याहून जास्त सूज पॉझिटिव्ह धरतात. एचआयव्हीबाधित मुलांत ५ मिमीसुद्धा पुरेशी मानतात. रिपोर्टवर नुसते “पॉझिटिव्ह” लिहिलेले असेल, तर मिलिमीटरचा आकडा विचारून घ्यावा.

उदाहरण म्हणून चार वर्षांचे, दंडावर बीसीजीचा व्रण असलेले मूल घेऊ. सूज १४ मिमी आहे आणि त्याच घरात राहणाऱ्या आजोबांच्या बेडक्यात महिन्यापूर्वी क्षयाचे जंतू सापडले आहेत. इथे लशीला जबाबदार धरायला जागा नाही. मुलाला संसर्ग झाला असे मानूनच पुढे जायचे. लस मेंदूज्वरासारख्या क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून लहान मुलांना बऱ्यापैकी वाचवते, पण व्रण असला म्हणजे संसर्ग झालाच नसेल, असे नाही.

मात्र संसर्ग आणि आजार या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक चाचणी दाखवत नाही. आजार आहे का, हे लक्षणांवरून ठरते: दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला ताप किंवा खोकला, घटलेले किंवा न वाढणारे वजन, मानेतल्या गाठी. जोडीला छातीचा एक्स-रे काढतात. शंका वाटली तर बेडका तपासतात. लहान मुले बेडका गिळून टाकतात, म्हणून उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातले पाणी काढावे लागते. त्यात जंतूंचा अंश आहे का, हे सीबीनॅट यंत्रावर पाहतात. त्या मुलात काहीच सापडले नाही, तर ते आजारी नाही. तरीही पाचाखालच्या मुलात संसर्गाचे रूपांतर आजारात लवकर होऊ शकते, म्हणून प्रतिबंधक उपचार देतात. आयसोनियाझिड रोज, वजनाच्या दर किलोला सुमारे १० मिग्रॅ, सहा महिने, हा त्याचा जुना, रुळलेला मार्ग आहे. घरात रुग्ण असेल आणि मुलाला आजार नसेल, तर पाचाखालच्या मुलाला हा उपचार मान्टूच्या निकालावाचूनही सुरू करतात.

घरीदारी कोणी रुग्ण नाही, मूल हसतेखेळते आहे आणि सूज ११ मिमी आहे, तेव्हा निर्णय अवघड होतो. अशा वेळी बीसीजीत नसलेली प्रथिने वापरणाऱ्या चाचण्या कामाला येतात. इग्रा ही रक्ताची चाचणी त्यांपैकी एक. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही कातडीवरची दुसरी. लशीमुळे या पॉझिटिव्ह येत नाहीत. पण संसर्ग आणि आजार यांतला फरक त्यांनाही दाखवता येत नाही.

निकाल निगेटिव्ह आला म्हणूनही निर्धास्त होता येत नाही. तीव्र कुपोषण, नुकताच झालेला गोवर किंवा स्टेरॉइडची औषधे यांमुळे खरा संसर्ग असूनही सूज येत नाही. उलट एकदा पॉझिटिव्ह आलेली चाचणी उपचारानंतरही बहुधा पॉझिटिव्हच राहते. त्यामुळे औषध लागू पडले का, हे पाहायला मान्टू पुन्हा करत नाहीत. मुलाचे वजन, लक्षणे आणि गोळ्या नियमित घेतल्या का, याकडेच लक्ष ठेवतात.