‘नीट लक्ष देत जा’ एवढ्याने भागत नाही

नर्सिंग कॉलेजच्या मुली पोस्टिंगला वॉर्डात येतात तेव्हा त्यांच्याबरोबर कॉलेजच्या एक मॅडम असतात. त्यांना क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणतात. (मुलगेही आता बरेच दिसतात, पण वॉर्डातली बोलीभाषा अजून ‘मुली’च म्हणते.) औषधांच्या राउंडपासून ड्रेसिंगपर्यंत विद्यार्थिनींचा हात कसा चालतो ते पाहायचं आणि चुकत असेल तिथे सांगायचं, हे मॅडमचं काम. बी.एस्सी. झाल्यावर थोडा अनुभव घेऊन त्या शिकवायला लागतात. इंजेक्शन कसं द्यायचं हे त्यांना पक्कं येतं. चुकीचं इंजेक्शन देणाऱ्या मुलीशी कसं बोलायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मग ज्या धाकात त्या स्वतः शिकल्या, तोच धाक पुढे चालू राहतो.

अशा इन्स्ट्रक्टरसाठी दीड तासाचं एक सत्र घ्यायचं झालं तर त्यात काय असावं? सकाळची ड्युटी आटोपली की अडीच ते चार ही वेळ बरी. बाराजणी पुरेत, त्याहून जास्त नकोत. व्याख्यान शक्य तितकं टाळावं. ‘फीडबॅक विधायक असावा’ हे ऐकून कुणाचंही बोलणं बदललेलं नाही.

पहिली दहा मिनिटं कागद-पेन्सिलीची. गेल्या आठवड्यात वॉर्डात एखाद्या मुलीला जे वाक्य म्हटलं, ते जसंच्या तसं लिहायचं, नाव न घालता. मग सगळे कागद एकत्र करून मोठ्याने वाचायचे. ‘नीट लक्ष देत जा.’ ‘इतकी घाई कसली?’ ‘तुझं हे नेहमीचंच.’ ‘छान केलंस, अशीच राहा.’ प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावायचा: हे ऐकून मुलगी उद्या नेमकं काय वेगळं करेल? बहुतेक कागदांपाशी खोली गप्प होते. ‘छान केलंस’पाशीसुद्धा. काय छान केलं ते कळलंच नाही, तर ते पुन्हा कसं करणार?

या गप्प होण्याला संशोधनाचा आधार आहे. क्लूगर आणि डेनिसी या अभ्यासकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅक दिल्यावर काम सुधारण्याऐवजी बिघडलेलं आढळलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की, बोलण्याचा रोख कामावरून माणसावर गेला की ऐकणाऱ्याचं लक्षही कामावरून उडतं आणि स्वतःला सावरण्यात गुंततं. ‘तुझं हे नेहमीचंच’ ऐकलेल्या मुलीला पुढच्या पेशंटची नाडी मोजताना नाडी कमी आणि मॅडम जास्त ऐकू येतात.

उलट टोकही आहे. अमेरिकेतले डॉक्टर जॅक एंडी यांनी १९८३ च्या एका गाजलेल्या लेखात ते टिपलं होतं. विद्यार्थ्याला वाईट वाटेल म्हणून शिक्षक आडवळणाने बोलतो, वाईट ऐकावं लागेल म्हणून विद्यार्थीही खोदून विचारत नाही, आणि दोघांच्या संगनमताने फीडबॅक हवेत विरून जातो. आपल्याकडे हा प्रकार पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी उघड होतो. मूल्यमापनाच्या फॉर्मवर कमी गुण पाहून मुलगी म्हणते, ‘मॅडम, तुम्ही कधी बोललाच नाहीत.’

यानंतरची वीस मिनिटं पाहण्याची. सत्र घेणारी आणि तिची सहकारी मिळून राइल्स ट्यूबमधून फीड देण्याचं नाट्य करतात. राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी. जे पेशंट गिळू शकत नाहीत त्यांना तिच्यातून पातळ अन्न देतात. रीत ठरलेली आहे. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलायची, नळी जागेवर आहे याची खात्री करायची, सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी जोडायची आणि फीड आपल्या वजनाने खाली उतरू द्यायचं. शेवटी पाण्याने नळी धुवायची आणि पेशंटला निदान अर्धा तास तसंच बसतं ठेवायचं. पेशंट सपाट झोपलेला असेल तर अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

नाट्यातली ‘विद्यार्थिनी’ हात धुते, नाकाजवळची खूण पाहते, सिरिंजने थोडा जठररस ओढून बघते. मग बेड सपाट असतानाच फीड जोडते, आणि उतरायला वेळ लागतोय म्हणून दट्ट्याने ढकलते. शेवटी इनटेक-आउटपुट चार्टवर लिहायला विसरते. पाहणाऱ्या बाराजणींनी फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं. ‘निष्काळजीपणे फीड दिलं’ लिहिलं की ते खोडायचं. ‘फीड सुरू केलं तेव्हा बेड सपाट होता’ चालेल. ऐकायला सोपं वाटतं, पण अनुभवी मॅडमनाच हे जास्त जड जातं. त्यांचा निकाल पाहण्याच्या आधी तयार असतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो: बेड सपाट दिसला तर शेवटपर्यंत पाहत बसायचं? मुळीच नाही. पेशंटला धोका असेल तिथे ताबडतोब थांबवायचं. पण थांबवणं वेगळं आणि समजावणं वेगळं. पेशंटपाशी एवढंच: ‘थांब. नळी चिमटीत धर. आधी आपण डोकं वर घेऊ.’ शांत आवाजात, आणि हात लावून. बाकीचं बोलणं वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत, पण त्याच दिवशी. पेशंटच्या मुलासमोर तिला झापलं तर तो उद्या तिला वडिलांना हात लावू देणार नाही, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

आता त्या खोलीतलं बोलणं. सत्रात ते एकदा करून दाखवायचं, साधारण असं:

‘फीडच्या आधी काय काय केलंस, क्रमाने सांग.’

‘हात धुतले, खूण बघितली, अ‍ॅस्पिरेट केलं, मग दिलं, मॅडम.’

‘खूण बघितलीस आणि अ‍ॅस्पिरेट केलंस, ते मी पाहिलं. नळी जागेवर आहे हे बघितल्याशिवाय तू पुढे गेली नाहीस, ते बरोबर. फीड सुरू केलंस तेव्हा बेड मात्र सपाट होता, आणि त्याने पेशंटच्या फुप्फुसात अन्न जाईल याची मला धास्ती वाटली. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं?’

‘बेडचं हँडल फिरतच नव्हतं, मॅडम. मावशींना हाक मारली, त्या दुसरीकडे होत्या. बारा वाजून गेले होते. उशीर झाला तर सिस्टर रागावतील असं वाटलं.’

साऱ्या सत्राचा गाभा या शेवटच्या उत्तरात आहे. मुलीला नियम माहीत होता. ‘उद्या प्रोसिजर दहा वेळा लिहून आण’ या शिक्षेने हँडल फिरणार नव्हतं. तिला दोनच गोष्टी कळायला हव्या होत्या: फीडला दहा मिनिटं उशीर झाला तर चालतं, सपाट बेडवर दिलेलं चालत नाही, आणि हँडल अडलं तर बॅकरेस्ट कुठे ठेवलेला असतो. ‘मनात काय चाललं होतं?’ हे विचारल्याशिवाय यातलं काहीच समजलं नसतं. अर्थात हा प्रश्न खऱ्या कुतूहलाने विचारला तरच. ‘डोक्यात काय होतं गं तुझ्या?’ असा सूर लागला की पुन्हा पहिले पाढे.

दट्ट्याने ढकलल्याचं दुसरं. ते थोडक्यात सांगायचं आणि हाताने दाखवायचं. चार्टवर लिहायचं राहिलं, त्याची चर्चा नको. ‘आत्ता जाऊन लिही’ एवढी सूचना पुरे. एका बैठकीत दोनापेक्षा जास्त गोष्टी मुलीबरोबर जात नाहीत. शेवटी पुढचं काम ठरवायचं: ‘दोन वाजताचं फीड तूच दे. जोडण्याआधी मला बेड दाखव.’ हे सगळं पाच मिनिटांत होतं.

कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक अशी जी पद्धत बरेच ठिकाणी शिकवतात, ती मला फारशी पटत नाही. मुली दोन दिवसांत शहाण्या होतात आणि कौतुक सुरू झालं की ‘पण’ची वाट पाहतात. आधी विद्यार्थ्याने स्वतः सांगावं, मग शिक्षकाने, ही डेव्हिड पेंडलटन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेली रीत अधिक प्रामाणिक आहे. तिलाही मर्यादा आहे. ज्या मुलीला चूक दिसतच नाही ती ‘सगळं बरोबर झालं, मॅडम’ म्हणते, आणि तिथे हाताशी टिपण नसेल तर मॅडमपाशी बोलायला काही उरत नाही.

उरलेला बहुतेक वेळ सरावाचा. तिघी-तिघींचे चार गट: एक इन्स्ट्रक्टर, एक विद्यार्थिनी, एक निरीक्षक. पाच मिनिटं बोलणं, पाच मिनिटं निरीक्षकाचं टिपण, मग भूमिका बदलायच्या. निरीक्षकाने कोण किती बोललं तेवढं घड्याळ लावून मोजलं तरी पुष्कळ होतं.

तिन्ही फेऱ्यांत प्रसंग वेगळा द्यावा. सगळ्यात अवघड प्रसंग हा: विद्यार्थिनीने नळीत हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकला आणि तेवढ्यावर फीड सुरू करायला निघाली. विचारलं तर म्हणते, ‘वॉर्डातल्या सिस्टर असंच करतात.’ ते खरंही असतं. नळी चुकून श्वासमार्गात गेली असली तरी असा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो, म्हणून ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्येच या खुणेवर विसंबू नये असं रुग्णालयांना कळवलं. तिथे ओढलेला रस पीएच पट्टीवर तपासतात, ५.५ किंवा कमी आला तर नळी जठरात असल्याचं धरतात, शंका राहिली तर एक्स-रे. आपल्या कित्येक वॉर्डांत ती पट्टीच नसते. अशा वेळी सिस्टरना नावं न ठेवता आणि चुकीला मान न डोलावता काय सांगायचं? सरावातून बहुतेक गट एका उत्तरापाशी येतात: ‘त्या तसं करतात हे तू पाहिलंस. आवाजाचा भरवसा का धरत नाहीत ते मी सांगते. तू खूण बघ, रस ओढून बघ, आणि शंका आली तर फीड न देता मला किंवा डॉक्टरांना बोलव.’ इन्चार्ज सिस्टरशी मॅडमनी स्वतः, वेगळं बोलायचं. पट्ट्या मागवणं हे काही विद्यार्थिनीचं काम नाही.

शेवटची दहा मिनिटं हिशेबाची. एका इन्स्ट्रक्टरकडे दहा मुली, दोन आठवड्यांच्या पोस्टिंगचे बारा दिवस. रोज दोघींचीच एकेक प्रोसिजर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली, खिशातल्या वहीत चार ओळी लिहिल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला दोन वेळा येतात. बाकीच्यांवर नेहमीसारखी फिरती नजर. पहिली वेळ पहिल्या आठवड्यातच यायला हवी, म्हणजे गुण भरण्याआधी सुधारायला दिवस उरतात. प्रत्येकीने आपल्या पुढच्या पोस्टिंगची अशी यादी करूनच उठायचं.

सत्र किती लागू पडलं हे त्याच दिवशीच्या ‘खूप उपयुक्त’ लिहिलेल्या फॉर्मवरून समजत नाही. दोन आठवड्यांनी सत्र घेणारीने वॉर्डात जावं, चार-पाच विद्यार्थिनींना गाठावं आणि विचारावं: ‘मॅडमनी तुला काय बदलायला सांगितलं?’ ‘फीडआधी बेड वर घ्यायचा’ असं उत्तर आलं तर मॅडमचं बोलणं पोचलं. ‘लक्ष देत जा म्हणाल्या’ असं आलं, तर त्या मॅडमना पुढच्या सत्राला पुन्हा बोलवावं.